वर्धापनदिनाचं भाषण: ड्युटी स्लिपांच्या गठ्ठ्यापासून माइकपर्यंत

आमच्या ट्रॅव्हल्सला दहा वर्षं झाली तेव्हा मी अकरा मिनिटं बोललो होतो. ग्राहक हाच देव, आपल्या सर्वांचे आशीर्वाद, लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष, सगळं झालं. शेवटच्या वाक्यात ‘आणि आमचे सर्व ड्रायव्हर व ऑफिस स्टाफ यांचेही आभार’ असं एका दमात म्हणून मोकळा झालो. टाळ्या पडल्या. त्या वेळी आमच्या बारापैकी नऊ ड्रायव्हर खाली पार्किंगमध्ये होते, कारण पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून घ्यायचं काम मीच त्यांना सांगितलं होतं. ज्यांचे आभार मानले ते सभागृहात नव्हतेच, हे मला घरी जाताना बायकोने सांगितलं.

पंचविसाव्या वर्षी मात्र भाषण जमलं. ते कसं तयार केलं हे इथे क्रमाने लिहितो. माझा धंदा कोल्हापूरचा: पुणे-मुंबईचे एअरपोर्ट, गोवा-कोकण, एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या महिन्याच्या गाड्या आणि वर्षाकाठी काही देवदर्शनाच्या सहली. तुमचं गाव आणि गाड्या वेगळ्या असतील, पण कागद तेच असतात.

आधी तारीख, मग भाषण

आमचं ऑफिस अक्षय्य तृतीयेला उघडलं. म्हणजे खरा वर्धापनदिन भर सीझनमध्ये येतो. लग्नं आणि सुट्ट्या चालू असतात, एकही गाडी आवारात नसते. त्या दिवशी कार्यक्रम ठेवला तर समोर फक्त ग्राहक बसतात. म्हणून पंचविसावा आम्ही आषाढी एकादशीनंतरच्या मंगळवारी, संध्याकाळी सातला ठेवला. वारीच्या गाड्या परत आलेल्या असतात, चातुर्मास लागल्यामुळे लग्नाची भाडी थांबतात आणि हॉलही स्वस्तात मिळतो. पितृपंधरवड्यातही गाड्या मोकळ्या असतात, पण तेव्हा समारंभाला लोक येत नाहीत. शनिवार-रविवार तर ठेवूच नका.

तरीही दोन-तीन गाड्या बाहेर असणारच. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो. पार्किंगचं काम मात्र बाहेरच्या माणसांना पैसे देऊन द्या.

भाषण डोक्यातून काढू नका, कपाटातून काढा

कोऱ्या कागदासमोर बसलात की ‘रोपटं’ आणि ‘वटवृक्ष’ येणारच. आमचं पूर्वीचं तसंच व्हायचं. या वेळी मी तीन गोष्टी टेबलावर घेतल्या: ड्युटी स्लिपांचे जुने गठ्ठे, चौकशीची डायरी आणि ऑफिसची उधारीची वही. दोन संध्याकाळी गेल्या, पण भाषणाचा सगळा माल तिथेच निघाला.

ड्युटी स्लिपवर काय असतं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. निघतानाचं मीटर, परत आल्यावरचं मीटर, वेळ, टोल, पार्किंग, ग्राहकाची सही. आपण ती बिलासाठी बघतो. भाषणासाठी बघताना वेगळं शोधायचं: जिथे आकडे नेहमीसारखे नाहीत ती स्लिप बाजूला काढायची. वेळ खूप जास्त आणि किलोमीटर खूप कमी, किंवा उलट. स्लिपच्या मागे काही खरडलेलं असेल तर तीही. एक दिवसाच्या ड्युटीचे पाच दिवस झाले असतील, तर तिथे काहीतरी घडलेलं असतं.

मला अशी एक स्लिप मिळाली. ऑगस्ट २०१९, महापुराचे दिवस. शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं होतं आणि पुण्याकडून कोल्हापुरात शिरायची वाट बंद होती. आमची एक इनोव्हा पुणे एअरपोर्टवरून एका वयस्कर जोडप्याला घेऊन निघाली आणि कराडच्या पुढे येऊ शकली नाही. स्लिपवर पहिल्या दिवशी एकशे सत्तर किलोमीटर आहेत. पुढच्या चार दिवसांचे मिळून अकरा. मागे पेनने लिहिलंय: ‘मेडिकल २ वेळा, जेवण, देऊळ’. त्या ड्रायव्हरमामांनी काय काय केलं असेल ते त्या अकरा किलोमीटरमध्ये सगळं आलं. हे मला सहा वर्षं माहीत होतं आणि तरी मी विसरलो होतो.

निवड: तीन प्रसंग, जास्त नाही

एक प्रसंग ग्राहकांचा, एक ड्रायव्हरचा, एक ऑफिसचा. चौथा घातला की पहिला विसरतात. बाकीच्यांची नावं घ्यायची, पण गोष्ट तिघांचीच सांगायची. इथे प्रत्येक मालकाच्या पोटात गोळा येतो, की ज्याची गोष्ट नाही तो रुसेल. आमच्याकडे कुणी रुसलं नाही. रुसतात ते यादीतून नाव सुटलं तर.

ग्राहक निवडताना बिलाच्या रकमेवर जाऊ नका. माझ्या मनात पहिलं नाव एका कंपनीचं आलं होतं, कारण सगळ्यात मोठं बिल त्यांचं. पण ते स्टेजवरून बोललात की दुसऱ्या कंपनीचा ॲडमिनवाला लगेच हिशेब मांडतो, की यांना रेट कमी दिला असणार. ‘आमचे सर्वांत जुने ग्राहक’ असंही म्हणू नका. आमच्याकडे तो मान सांगणारी किमान चार घरं आहेत आणि पहिल्या वर्षाची डायरी वाळवीने खाल्ली आहे.

मी निवडलं ते तक्रार केलेलं घर. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांच्या ट्रॅव्हलरचा एसी आंबोली घाट उतरल्यावर बंद पडला. सतरा माणसं, त्यात दोन तान्ही मुलं. त्या काकांनी गाडीतूनच ऑफिसला फोन लावला आणि मला जे सुनवायचं ते सुनवलं. मी सावंतवाडीहून दुसरी गाडी मिळवून दिली, तीन तास गेले. पुढच्या दिवाळीत त्यांचाच फोन आला: ‘गाडी पाहिजे, पण एसी आधी मी स्वतः बघणार.’ तेव्हापासून ते दर वेळी निघायच्या आदल्या संध्याकाळी येतात, एसी लावून दहा मिनिटं गाडीत बसतात आणि मग ॲडव्हान्स देतात. आपली चूक झाल्यावरही जो परत येतो त्याचे आभार मानण्यासारखं काहीतरी असतं. आणि चूक आपणच सांगितल्यामुळे लोक हसतात, ऐकतात.

परवानगी

ही पायरी नवे लोक गाळतात. प्रवासाच्या धंद्यात आपल्याला लोकांचं फार काही माहीत असतं: कोण कुणाबरोबर कुठे गेलं, कोण ऑपरेशनसाठी मुंबईला गेलं, कुणाच्या अस्थी घेऊन गाडी नाशिकला गेली. यातलं काहीही न विचारता माइकवर येता कामा नये. ‘हनिमूनलाही आमचीच गाडी होती’ हे वाक्य गमतीचं वाटतं, पण समोर त्यांची सासू बसलेली असते.

मी कराडला अडकलेल्या जोडप्याला फोन केला. काकू म्हणाल्या, सांगा की, पण यांच्या औषधाचं नको. म्हणून ‘मेडिकल’ हा शब्द भाषणातून काढला आणि ‘लागेल ती वस्तू’ असं केलं. ड्रायव्हरलाही विचारलं. ते म्हणाले, ‘सांगा, पण रडवू नका.’ जे ग्राहक आता हयात नाहीत त्यांचं नाव घ्यायचं असेल तर घरच्यांना आधी विचारा आणि ते आलेले असतील तर कुठे बसलेत ते बघून ठेवा.

ड्रायव्हरचं कौतुक करताना पडणारा खड्डा

माझ्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: ‘मुंबई एअरपोर्ट करून पहाटे आले, दोन तास पडले आणि लगेच गाडी घेऊन गोव्याला निघाले, असे आमचे वाघ!’ मला फार आवडलं होतं. आमच्या बुकिंगच्या मॅडमनी खर्डा वाचला आणि त्या वाक्याखाली रेघ मारली. म्हणाल्या, ‘साहेब, समोर जे बसलेत त्यांची मुलं उद्या त्याच गाडीतून जाणार आहेत.’

खरंच आहे. कोल्हापूर-मुंबई एका बाजूला पावणेचारशे किलोमीटर आहे. ते करून आलेल्या माणसाला दोन तासांत परत घाटात पाठवणं यात कौतुक कुणाचं? चालकाने दिवसाला आठ तास काम करावं ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून चालत आली आहे. ती आपण किती पाळतो हे आपल्याला माहीत आहे, पण निदान तिचं उल्लंघन स्टेजवर मिरवू नये. न झोपता चालवलं, वेगात पोचवलं, तापात गाडी काढली, ही तिन्ही कौतुकं भाषणातून काढून टाका. त्याऐवजी जिथे ड्रायव्हर थांबला, नाही म्हणाला, वाट बदलली, तो प्रसंग शोधा. माझी कराडची स्लिप म्हणूनच चांगली ठरली. त्या माणसाने चार दिवस गाडी कराडबाहेर काढली नाही.

दुसरी गोष्ट नावांची. माझ्या मोबाइलमध्ये ड्रायव्हरांची नावं ‘पिंट्या क्रिस्टा’, ‘बापू ट्रॅव्हलर’ अशी आहेत. भाषणात ती चालत नाहीत, कारण त्या दिवशी पिंट्याची दहावीतली मुलगी समोर असते. पूर्ण नाव, आडनावासह, लायसन्सवर आहे तसं. रोज ‘अरे’ म्हणत असलात तरी माइकवर ‘आले, थांबले, म्हणाले’. आणि ज्यांच्या गाड्या स्वतःच्या आहेत, आपल्याकडे फक्त अटॅच आहेत, त्यांना ‘माझे ड्रायव्हर’ म्हणू नका. ते मालक आहेत. ‘आमच्याकडे गाडी लावणारे’ म्हणा. आमच्यातल्या एकाने मला हे पूर्वी तोंडावर ऐकवलं होतं. मोठ्या सहलीबरोबर जाणारे क्लीनर आणि आचारी यांचीही नावं यादीत हवीत. सहलीची आठवण विचारली तर अर्धे ग्राहक जेवणाबद्दल बोलतात.

ऑफिससाठी ‘पडद्यामागचे हात’ नको

ऑफिसच्या माणसांचं काम दिसत नाही, म्हणून त्यांच्यावर सगळे एकच वाक्य बोलतात. त्यापेक्षा त्यांच्या कामाचा एक तास दाखवा. सकाळी साडेदहाला आम्हा एजंटांसाठी रेल्वेचं एसी तत्काळ उघडतं, साडेअकराला स्लीपर. त्या आधी दहा मिनिटं आमच्या ऑफिसात कुणी चहा पीत नाही, फोन उचलत नाही.

मी मात्र मार्च २०२० घेतलं. २४ तारखेच्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. पुढे एप्रिल-मेच्या सहलींचे ॲडव्हान्स आमच्याकडे होते, त्यातले बरेच आम्ही हॉटेलांना आणि विमानाच्या तिकिटांना आधीच भरून टाकले होते. अकाउंट बघणाऱ्या ताईंनी घरी बसून दोनशे पानी वही केली: डावीकडे घराचं नाव, मग किती आले, कुठे अडकले, किती परत मिळाले, किती आपण दिले. पैसे पूर्ण परत गेले की त्या ओळीवर हिरवी टिक. शेवटची टिक पडायला दीड वर्ष गेलं. ती वही मी कार्यक्रमाला हातात घेऊन गेलो आणि उघडून दाखवली. पान दाखवायचं ते लांबून. नावं-रकमा कुणाला वाचता येता कामा नयेत.

क्रम आणि लांबी

नेहमीचा क्रम ग्राहक, ऑफिस, शेवटी ड्रायव्हर असा असतो. तो उलटा करा. ड्रायव्हरांना साडेआठ-नऊच्या ड्युट्या असतात. शेवटी ठेवलंत तर निम्मे निघून गेलेले असतात. मी आधी ड्रायव्हर, मग ऑफिस, मग ग्राहक असं बोललो. ग्राहकांना यात कमीपणा वाटत नाही, कारण त्यांना त्याच माणसांबद्दल ऐकायला मिळतं ज्यांच्याबरोबर ते प्रवास करतात.

लांबी सात-आठ मिनिटं. मी घड्याळ लावून वाचलं तर माझे मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे सात-आठशे शब्दांचं भाषण. नावांची यादी त्यातच. खर्डा मोठ्याने वाचायचा आणि जिथे ‘सदर प्रसंगी’, ‘कृतज्ञता व्यक्त करतो’ असं काही येईल तिथे थांबून तेच तोंडी कसं म्हणाल ते लिहायचं. माझा ड्रायव्हरांचा भाग शेवटी असा झाला:

‘ही एक ड्युटी स्लिप आहे. ऑगस्ट २०१९. शिरोलीला हायवेवर पाणी, कोल्हापूर बंद. आपली गाडी कराडला थांबली, आत दोन ज्येष्ठ पाहुणे. ते आज इथे बसलेत. पहिल्या दिवशी मीटर एकशे सत्तर किलोमीटर फिरलंय. पुढच्या चार दिवसांत फक्त अकरा. हे अकरा किलोमीटर म्हणजे लॉजवरून खाणावळ, खाणावळीवरून लॉज, लागेल ती वस्तू आणायला बाजार आणि एकदा देऊळ. मामांचं स्वतःचं घर तेव्हा पाण्याच्या कडेला होतं. मला त्यांनी रोज संध्याकाळी फोन केला, पण घराचं एकदाही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. आज सगळ्यांसमोर विचारतो, मामा, तेव्हा घरी किती पाणी आलं होतं?’

हा प्रश्न मी आधी त्यांना सांगून ठेवला होता. अचानक माइक पुढे केला तर माणूस गोंधळतो. ते उठले, गुडघ्याला हात लावला आणि बसले. बोलले काहीच नाहीत. माझ्या कागदावर पुढे दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्याच नाहीत.

एसीवाल्या काकांचा भाग लहानच ठेवला: ‘काका, गेली काही वर्षं तुम्ही आदल्या दिवशी येऊन एसी तपासता. आमचा मेकॅनिक तुमच्या भीतीने सगळ्याच गाड्यांचे एसी तपासून ठेवतो. याचा फायदा इथे बसलेल्या सगळ्यांना होतो, पगार मात्र आम्ही तुम्हाला दिलेला नाही.’

काय बोलायचं नाही

व्हिएतनामचं नवं पॅकेज, नवी अर्बेनिया गाडी, ‘आज बुकिंग केल्यास दहा टक्के सूट’. आभार मानता मानता जाहिरात सुरू झाली की लोक मोबाइल काढतात. पत्रकं दाराशी ठेवा. पगारवाढ किंवा बोनसही स्टेजवरून जाहीर करू नका. द्यायचा असेल तर त्या दिवशी सकाळी पाकिटात द्या. माइकवर दिलेला शब्द पुढच्या मंदीत गळ्याशी येतो. शाल-श्रीफळाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ग्राहकांना द्या, ड्रायव्हरांनी मला सांगितलं की शाली घरात साठल्यात. आम्ही त्यांना चांगले थर्मास दिले.

त्या दिवशी

ड्रायव्हर मागच्या रांगेत किंवा दाराशी उभे राहतात, ही सवय आहे. खुर्च्यांवर नावं चिकटवली तरच बसतात. आम्ही त्यांच्या कुटुंबांना दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसवलं. माइक आधी तपासा, आणि भाषणाचा कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूलाच छापलेला ठेवा.

आणि रस्त्यावर असलेल्यांची यादी सगळ्यात शेवटी वाचा. मी म्हटलं, ‘आपण इथे बसलोय तेव्हा तिघे ड्युटीवर आहेत,’ आणि तिघांची पूर्ण नावं, कुठली गाडी, कुठे, असं सांगितलं. त्यांची ताटं झाकून ठेवायला केटररला आधीच सांगून ठेवलं होतं.

यादी मात्र मी सकाळीच लिहून ठेवली होती. रात्री सव्वाअकराला त्यातला एक पुण्याहून परत आला. मॅडमनी त्याला जेवता जेवता मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्याने आपलं नाव ऐकलं, भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि म्हणाला, ‘साहेब, नाव बरोबर आहे, पण दुपारी क्रिस्टा बदलून मला एर्टिगा दिली होती.’